टाकी उभी राहते, मग योजना का बसते?

मराठवाड्यातल्या मोठ्या गावात शिरताना बहुधा सर्वांत आधी पाण्याची टाकी दिसते. काही गावांत अशा दोन-तीन टाक्या असतात. एक रंग उडालेली, एक गळकी, एक नवी कोरी. प्रत्येक टाकी एकेका योजनेची खूण असते. केंद्राची स्वजलधारा 2002 मध्ये आली. त्यानंतर जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याचा राज्याचा जलस्वराज्य प्रकल्प आला, 2009 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रम आला आणि 15 ऑगस्ट 2019 रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. जुन्या टाक्या बहुतेक ठिकाणी बांधकामाने पडलेल्या नाहीत. त्यांच्यापर्यंत पाणी येणे थांबले, एवढेच.

पाणीपुरवठा योजना हा एक प्रकल्प असतो. त्यात निधी देणारे असतात, बांधणारे असतात, तपासणारे असतात आणि शेवटी चालवणारे असतात. बांधकामाचा टप्पा साधारण वर्ष-दीड वर्षाचा असतो आणि सगळ्यांचे लक्ष त्याच्यावर असते. योजनेचे आयुष्य मात्र बांधकामाआधीचे काही महिने आणि उद्घाटनानंतरची तीस वर्षे यांत ठरते. विहिरीची चाचणी कोणत्या महिन्यात घेतली, विजेचे बिल कोण भरणार आणि टाकीत टीसीएल पावडर कोण टाकणार, या तीन प्रश्नांची उत्तरे कच्ची राहिली की योजना बसते. त्याचा पहिला परिणाम गावाच्या आरोग्यावर होतो.

जमीन आणि माणसे

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातल्या चकलांबा परिसराचे उदाहरण घेऊ. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. पण नदी जवळ असणे वेगळे आणि नदीचे पाणी गावाच्या टाकीत येणे वेगळे. नदीपासून दूर असलेल्या गावांना पिण्याच्या पाण्यासाठी विहीर, पाझर तलावाचा पायथा किंवा बोअर यांवरच भिस्त ठेवावी लागते. जमिनीखाली दख्खनचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट आहे. वाळूसारखे सलग पाणी धरून ठेवणे या दगडाला जमत नाही. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खालच्या फटींमध्ये. वरचा थर दर पावसाळ्यात भरतो आणि उन्हाळ्यापर्यंत रिता होत जातो. खोल फटींत सापडलेले पाणी सुरुवातीला जोरात येते, पण त्या फटीला वरून पुरेसा पुरवठा नसेल तर दोन-चार वर्षांत आटते.

दुसरी गोष्ट माणसांची आहे. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे विहिरीला पाणी असते तेव्हा गाव अर्धे रिकामे असते आणि पाण्याने तळ गाठला की गाव पूर्ण भरते. योजनेची आखणी करताना हा मुद्दा नोंदवला गेला नाही तर कागदावरचा सगळा हिशेब चुकतो. हिवाळ्यात सर्वेक्षण झाले तर बंद घरे मोजणीतून सुटतात. हिवाळ्यातल्या ग्रामसभेत पाणीपट्टी ठरली तर ती द्यायची असलेली निम्मी कुटुंबे त्या सभेत नसतात.

योजनेत कोण कोण असते?

जलजीवन मिशनमध्ये महाराष्ट्रासाठी केंद्र आणि राज्य यांचा वाटा निम्मा-निम्मा आहे. लहान, एका गावापुरत्या योजनांचे काम जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग पाहतो. मोठ्या आणि अनेक गावांच्या प्रादेशिक योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे जातात. उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांनी पाहायचा असतो. काम कंत्राटदार करतो, त्याच्या कामाची तपासणी त्रयस्थ संस्थेने करायची असते आणि ग्रामस्थांना या सगळ्यात उभे करण्यासाठी एक अंमलबजावणी सहाय्य संस्था नेमायची असते.

गावाच्या बाजूने ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. दहा ते पंधरा सदस्यांची ही समिती ग्रामपंचायतीची उपसमिती मानली जाते. तिच्यात निम्म्या महिला असाव्यात, ग्रामपंचायत सदस्य पाव हिश्श्यापर्यंत असावेत आणि दुर्बल घटकांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळावी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. गावाचा कृती आराखडा हीच समिती तयार करते आणि तो ग्रामसभेत मंजूर व्हावा लागतो.

लोकसहभागाचा पैशातला भाग म्हणजे लोकवर्गणी. गावांतर्गत कामांच्या भांडवली खर्चाच्या 10 टक्के, तर डोंगराळ, वनव्याप्त किंवा अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून अधिक असलेल्या गावांत 5 टक्के रक्कम गावाने रोख, साहित्य किंवा श्रमाच्या रूपात द्यायची असते. समजा, गावातली वितरण वाहिनी, टाकी आणि नळजोडण्या यांवर दीड कोटी रुपये खर्च आहे. त्याचे 10 टक्के म्हणजे 15 लाख. गावात 1,200 घरे असतील तर घरामागे 1,250 रुपये होतात. पाइपलाइनचे चर खोदण्याची मजुरीही यात धरता येते. योजना यशस्वीपणे पूर्ण झाली की तेवढीच, म्हणजे गावांतर्गत खर्चाच्या 10 टक्के रक्कम गावाला फिरत्या निधीच्या रूपात मिळावी, अशीही तरतूद आहे. मोटार जळाली किंवा वाहिनी फुटली तर दुरुस्ती अडू नये, हा त्यामागचा हेतू.

वर्गणीचा खरा उपयोग रकमेपेक्षा हक्काचा आहे. पैसे दिलेला माणूस चर किती खोल खोदला, हे विचारायला जातो. अनेक ठिकाणी मात्र ही वर्गणी घरोघरी गोळाच होत नाही. ती एखाद्या दुसऱ्याच खात्यातून भरली जाते आणि कागद पूर्ण होतो. अशा गावात योजना ‘सरकारची’ राहते आणि ती बंद पडली तरी दुरुस्तीची वाट सरकारकडूनच पाहिली जाते.

पहिला टप्पा : पाणी मोजणे

आता एक हिशेब करून पाहू. गाव कल्पित आहे, पण चकलांबा परिसरातल्या मोठ्या गावासारखे: आजची लोकसंख्या 6,000 आणि घरे 1,200. पुढची वाढ धरून योजना 8,000 लोकांसाठी आखली जाते. माणशी दररोज 55 लिटर या निकषाने 4 लाख 40 हजार लिटर पाणी लागते. वाहिनीतली गळती आणि टाकी धुण्याचे पाणी धरून आकडा 5 लाख लिटरवर जातो.

या 55 लिटरमध्ये जनावरांचे पाणी धरलेले नसते, हे लक्षात ठेवायला हवे. दुभती म्हैस भर उन्हाळ्यात दिवसाला 60 ते 80 लिटर पाणी सहज पिते. गोठ्यात दोन म्हशी असलेल्या घराची गरज कागदावरच्या घरापेक्षा दीडपट होते. हे पाणी त्याच नळातून जाणार असेल तर ते आराखड्यात आधीच लिहिले पाहिजे, नाहीतर शेवटच्या गल्लीला पाणी पोचणार नाही.

पाच लाख लिटर पाणी आठ तासांच्या वीजपुरवठ्यात उपसायचे तर तासाला 62,500 लिटर देणारा स्रोत हवा. कातळातल्या बोअरने तासाला 5,000 लिटर दिले तरी गावकरी त्याला चांगला बोअर म्हणतात. आठ तासांत तो 40,000 लिटर देईल, म्हणजे गरजेच्या बाराव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून एवढ्या गावाला एका बोअरवर योजना उभी करता येत नाही. तलावाच्या पायथ्याशी किंवा नदीनाल्याच्या काठी मोठी उद्भव विहीर घ्यावी लागते, किंवा दूरच्या धरणातून प्रादेशिक योजनेचे पाणी आणावे लागते.

विहीर किती पाणी देईल, हे मोजण्याची पद्धत सोपी आहे आणि गावातल्या कोणालाही पडताळता येते. समजा, विहिरीचा व्यास 8 मीटर आहे. अशा विहिरीत एक मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे 50 हजार लिटर. पंप लावून पाणी तीन मीटर खाली नेले, मग पंप बंद करून पातळी पुन्हा किती वेगाने चढते ते पाहिले. चार तासांत पाणी एक मीटर चढले, तर विहिरीत तासाला साडेबारा हजार लिटर आवक आहे. चोवीस तासांत ती 3 लाख लिटर होईल, तीही वेग कायम राहिला तर. प्रत्यक्षात पातळी वर येते तशी आवक मंदावते. म्हणजे ही विहीर पाच लाखांची योजना पेलणार नाही, हे पाइपचा पहिला तुकडा येण्याआधीच कळते.

खरी मेख चाचणीच्या महिन्यात असते. हीच चाचणी ऑक्टोबरमध्ये घेतली तर पातळी तासाभरात चढते आणि सगळे खूश होतात. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीची परीक्षा एप्रिल-मेमध्ये घ्यायची असते. समितीने विचारण्याचा पहिला प्रश्न हाच: उद्भवाच्या दाखल्यावर चाचणीची तारीख कोणती आहे?

विहिरीचे शेजारी

मेमध्ये पास झालेली विहीरही तीन वर्षांनी नापास होऊ शकते. कारण बहुधा शेजारच्या शेतात सापडते. योजनेच्या विहिरीला पाणी लागले की आजूबाजूच्या शेतकऱ्यांनाही तिथे पाणी असल्याचे कळते. मग दोनशे, तीनशे फुटांचे बोअर पडतात आणि ऊस उभा राहतो. दोन्ही उपसा एकाच फटीतून होतो आणि जो खोलवरून ओढतो त्याला पाणी मिळते.

यासाठी कायदा जुना आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यास मनाई करणारा कायदा महाराष्ट्राने 1993 मध्येच केला. पुढे त्याची जागा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 ने घेतली. पण तहसीलदार स्वतःहून प्रत्येक शिवारात येऊन पाहू शकत नाहीत. बोअरची गाडी गावात येते तेव्हा ती कोणाच्या रानात चालली आहे, हे गावालाच ठाऊक असते. पाणी समितीने विहिरीभोवती 500 मीटरचे वर्तुळ नकाशावर काढून त्यातल्या गट क्रमांकांची यादी ग्रामपंचायतीत लावली तर कायद्याला आधार मिळतो. अन्यथा पहिली तक्रार होते तेव्हा बोअर आधीच पडलेला असतो.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार यासाठीच अभ्यासले जाते. तिथे दरवर्षी पावसाचे मोजमाप करून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढून उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची, हे ठरते. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, असा नियम गावाने स्वतःवर घालून घेतला. हिवरे बाजार लहान गाव आहे आणि त्याला दीर्घकाळचे स्थिर नेतृत्व मिळाले, त्यामुळे तो नमुना प्रत्येक मोठ्या गावात जसाच्या तसा उतरेल असे नाही. पण पिण्याचे पाणी आधी वेगळे काढायचे आणि मग शेतीचे ठरवायचे, हा क्रम कुठेही लागू पडतो.

खोल जाण्याला आरोग्याचीही मर्यादा आहे. उथळ विहिरीत उकिरडा, गोठा आणि रासायनिक खतांमुळे नायट्रेट वाढते. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात पावडरचे दूध कालवून तान्ह्या बाळाला पाजले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडू शकते. दुसरीकडे, काही ठिकाणी खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघते. लिटरला 1 मिलिग्रॅम ही त्याची स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्यापुढे वर्षानुवर्षे प्यायल्यास दातांवर डाग पडतात, पुढे हाडे आणि सांधे आखडतात. ही दोन्ही द्रव्ये पाणी उकळून जात नाहीत आणि टीसीएल टाकूनही जात नाहीत. उलट, उकळताना पाणी कमी होते आणि द्रव्याचे प्रमाण वाढते. म्हणून स्रोत निवडतानाच प्रयोगशाळेचा रासायनिक अहवाल पाहायला हवा.

दुसरा टप्पा : जमिनीखाली जाणारे काम

बांधकामात लोकांची नजर टाकीवर असते, कारण ती दिसते. दोष मात्र बहुधा जमिनीखाली असतो. पाइप साधारण तीन फूट खोल पुरला नाही तर बैलगाडी, ट्रॅक्टर आणि पुढे होणारा सिमेंटचा रस्ता यांखाली सांधे निखळतात. कातळ लागला की चर उथळ ठेवण्याचा मोह कंत्राटदाराला होतो. चर बुजवण्याआधी पाइपमध्ये पाणी भरून ठरावीक दाब देतात आणि तो काही वेळ टिकतो का, ते पाहतात. या चाचणीच्या वेळी समितीचे दोन सदस्य हजर असले आणि त्यांच्यासमोर चराची खोली टेपने मोजली गेली, तर पुढची अनेक वर्षे वाचतात. एकदा माती लोटली की दोष सापडायला गल्ली खोदावी लागते.

नळाची उंचीही पाहण्यासारखी असते. वितरण वाहिनीचा आराखडा करताना टाकीच्या सर्वांत जवळचे आणि सर्वांत उंचावरचे घर, दोघांनाही पुरेसा दाब मिळावा, अशी पाइपची जाडी ठरवतात. गावठाणात उतारावरच्या घरांत नळ धो-धो वाहतो आणि वरच्या वस्तीत करंगळीएवढी धार येते. वरची वस्ती मग नळाला मोटार लावते. एकाने लावली की दुसऱ्याला लावावीच लागते. झोननिहाय व्हॉल्व्ह बसवून आळीपाळीने पाणी सोडणे हा उपाय आहे आणि तो आराखड्यातच असावा लागतो.

काम अर्धवट थांबण्याचेही एक कारण असते. निधी केंद्र, राज्य आणि जिल्हा अशा पायऱ्यांनी येतो. एका पायरीवर उशीर झाला की कंत्राटदाराचे देयक थकते आणि चर उघडे राहतात. जलजीवन मिशनची मूळ मुदत 2024 ची होती, ती फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2028 पर्यंत वाढवण्यात आली. अशा थांबलेल्या कामात उघडी राहिलेली पाइपची तोंडे बंद करून ठेवणे, ही साधी गोष्टही महत्त्वाची ठरते. नाहीतर पहिल्या पाण्याबरोबर नळाला माती, किडे आणि मेलेले उंदीर येतात.

तिसरा टप्पा : महिन्याचा खर्च

उद्घाटन झाले. आजच्या 6,000 लोकांसाठी रोज सुमारे 4 लाख लिटर पाणी उपसायचे आहे. विहिरीचा तळ ते टाकीचा माथा, शिवाय पाइपमधले घर्षण धरून हे पाणी 60 मीटर उचलावे लागते, असे समजू. भौतिकशास्त्राच्या साध्या नियमाने याला सुमारे 65 युनिट वीज लागते. पंप आणि मोटार मिळून निम्मी शक्ती वाया घालवतात, म्हणून प्रत्यक्षात 130 युनिट. महिन्याला जवळपास 3,900 युनिट होतात. युनिटला 7 रुपये दर धरला तर बिल सुमारे 27 हजार रुपये.

पाणी सोडणारा कर्मचारी आणि त्याचा मदतनीस यांच्या मानधनाला 15 हजार, टीसीएल पावडरला 3 हजार आणि दुरुस्तीसाठी बाजूला 10 हजार धरले, तर महिन्याचा खर्च 55 हजारांच्या घरात जातो. 1,200 घरांत वाटला तर घरटी 46 रुपये, म्हणजे वर्षाला साडेपाचशे. ही रक्कम मोठी नाही. पण वसुली निम्मीच झाली तर दुप्पट होते, आणि प्रामाणिकपणे भरणाऱ्याकडून दुप्पट घेण्याची हिंमत कोणत्याही ग्रामपंचायतीला होत नाही.

ऊसतोडीला जाणारे कुटुंब सहा महिने घरी नसते. त्याला बारा महिन्यांची पट्टी लावली तर ते एकही महिना भरत नाही. अशा गावात वस्तीवर असलेल्या महिन्यांचाच दर किंवा परतल्यावर एका हप्त्यात भरण्याची सोय ठरवणे शहाणपणाचे असते. हा ठराव एप्रिलनंतरच्या ग्रामसभेत, म्हणजे ती माणसे गावात असताना घ्यायला हवा.

वसुलीखेरीज ग्रामपंचायतीकडे आणखी एक आधार आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानातला 60 टक्के भाग बांधील ठेवला. त्यातला निम्मा पिण्याचे पाणी, जलसंधारण आणि पुनर्वापर यांसाठी, तर निम्मा स्वच्छतेसाठी. या पैशातून योजनेची देखभाल करता येते. हा निधी रस्त्याकडे वळत नाही ना, हे ग्रामसभेत विचारता येते.

बिल थकले की जुलाब का वाढतात?

पाणीपट्टी आणि पोटाचे आजार यांचा संबंध वरवर पाहता दिसत नाही, पण तो थेट आहे. बिल थकते, वीज तोडली जाते, टाकी रिकामी होते. पाणी आठवड्यातून एकदा येऊ लागते. वाहिनीत पाणी भरलेले असताना दाब आतून बाहेर असतो, म्हणून सांध्यातून पाणी बाहेर गळते आणि बाहेरची घाण आत येऊ शकत नाही. वाहिनी रिकामी होताना आत पोकळी तयार होते आणि तोच सांधा बाहेरचे पाणी आत ओढतो. गटाराशेजारून गेलेला पाइप असेल तर गटाराचे पाणी आत येते. नळाला लावलेली मोटार हे ओढणे आणखी वाढवते. म्हणून विहिरीचा आणि टाकीचा नमुना शुद्ध येतो आणि नळाचा नमुना दूषित निघतो. पहिल्या पावसानंतर गॅस्ट्रोचे रुग्ण वाढतात, त्यामागे हे एक नेहमीचे कारण असते.

आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात लोक पाणी साठवतात, त्यात त्यांचा दोष नाही. पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. पाण्याची पाळी आणि डासाची पाळी जुळते. रांजण झाकून ठेवणे आणि आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी करणे, एवढाच घरगुती उपाय उरतो.

टाकीतली पावडर

नळाच्या शेवटच्या टोकाला पाणी सुरक्षित आहे की नाही, याची खूण म्हणजे उरलेला क्लोरीन. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शेवटच्या घराच्या नळातही असला पाहिजे. टीसीएल पावडर ताजी असेल तर तिच्यात सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो. ढोबळ प्रमाण हजार लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे दोन लाख लिटरच्या टाकीला एक किलो. त्यातून पाण्याला लिटरमागे सुमारे 1.65 मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. काही घाण मारण्यात खर्च होतो, उरलेला वाहिनीतल्या प्रवासात पाण्याला राखतो.

पण पावडर ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात उघड्या पिशवीत, ओलीत पडून राहिली तर तिचा क्लोरीन उडून जातो. 15 टक्क्यांवर आलेली तीच एक किलो पावडर लिटरला पाऊण मिलिग्रॅमच देईल आणि शेवटच्या घरापर्यंत काही उरणार नाही. नोंदवहीत मात्र ‘पावडर टाकली’ असेच लिहिलेले असेल. टाकण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. पावडर कोरडी न टाकता बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरचे निवळ टाकीत ओतायचे आणि अर्धा तास थांबून मगच पाणी सोडायचे.

पडताळणी ओटी चाचणीने होते. छोट्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. रंग आलाच नाही तर क्लोरीन नाही. गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण द्यावे, अशी जलजीवन मिशनची अपेक्षा आहे. त्यांनी ही चाचणी टाकीखाली न करता सर्वांत लांबच्या, उंचावरच्या घराच्या नळावर करायला हवी. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. हिरवे कार्ड चांगलेच, पण ते दोन दिवसांची पाहणी असते आणि नळ वर्षभर वाहतो.

ग्रामसभेत विचारायचे ते एवढेच

योजना नवी असो की जुनी, तिची प्रकृती पाहण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. मे महिन्यात उद्भव विहिरीची पातळी किती होती आणि गेल्या वर्षी मेमध्ये किती होती, हा पहिला आकडा. दरवर्षी पातळी खाली जात असेल तर 500 मीटरच्या आत काय चालले आहे, ते पाहायचे. मागच्या महिन्यात वीजबिल किती आले आणि पाणीपट्टी किती जमा झाली, हे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडायचे. शेवटच्या घराच्या नळावर ओटी चाचणी कधी झाली आणि रंग आला का, हे विचारायचे. पाइप फुटल्यापासून दुरुस्त होईपर्यंत किती दिवस गेले, हेही लिहून ठेवायचे.

हे आकडे टाकीच्या खांबावर खडूने लिहिले तरी चालतात. उसाच्या फडावरून परतलेला माणूसही ते वाचू शकतो आणि मेमधल्या ग्रामसभेत उठून विचारू शकतो.